रोलिंग हॅश की फेल्युअर टेबल: वर्स्ट केस नक्की कुठून येतो?

प्रश्न: सबस्ट्रिंग शोधताना राबिन-कार्प सरासरी O(n+m) आणि वर्स्ट केसमध्ये O(nm), तर केएमपी कायम O(n+m), असं सगळीकडे वाचलं. पण हॅश चांगला घेतला तर O(nm) येतोच कुठून? प्रत्यक्षात तो दिसतो का, की फक्त परीक्षेत लिहायचा?

उत्तर: दिसतो. आणि त्यातला एक प्रकार तर कितीही चांगला हॅश घेतला तरी दिसतो.

आधी हा खर्च कुठे बसतो ते पाहू. रोलिंग हॅशमध्ये टेक्स्टवरची पॅटर्नएवढी खिडकी एका अक्षराने सरकवणं म्हणजे एक वजाबाकी, एक-दोन गुणाकार आणि एक बेरीज. टेक्स्ट n अक्षरांचा असेल तर हे काम फार तर n वेळा होतं, त्यात कधीच बिघडत नाही. बिघडतं ते हॅश जुळल्यावर, कारण तेव्हा खात्रीसाठी पॅटर्नची m अक्षरं एकेक करून ताडावी लागतात. म्हणजे सगळा प्रश्न ‘हॅश किती वेळा जुळतो’ एवढाच आहे. तो दोन कारणांनी जुळतो: पॅटर्न खरंच तिथे असतो म्हणून, किंवा नसूनही आकडा सारखा येतो म्हणून. बहुतेक ठिकाणी फक्त दुसऱ्या कारणाबद्दल लिहिलेलं असतं, म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात करतो.

टेक्स्टमध्ये दहा लाख `a` आहेत आणि पॅटर्न `aaaa…ab` असा आहे समजा. साध्या दोन लूपच्या पद्धतीची यात दमछाक होते, कारण प्रत्येक जागी शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊन ती आपटते. राबिन-कार्पचा वर्स्ट केस म्हणूनही बरेच जण हेच उदाहरण देतात, पण ते लागू पडत नाही. खिडकीत सगळे `a`, पॅटर्नच्या शेवटी `b`, दोघांचे हॅश वेगळे. एकदाही ताडून बघायची वेळ येत नाही.

आता पॅटर्नमधला तो `b` काढून तिथे `a` ठेवा. पॅटर्न ५०,००० `a` चा, टेक्स्ट १०,००,००० `a` चा. आता ९,५०,००१ जागी हॅश जुळतो, आणि प्रत्येक वेळी तो खराच असतो. दर वेळी ५०,००० अक्षरं ताडायची म्हणजे जवळपास ४,७५० कोटी तुलना. यात कोलिजन एकही नाही. जगातला सर्वोत्तम हॅश आणला तरी आकडा हाच राहील. पहिली जागा सापडली की थांबायचं असेल तर हा त्रास नाही. सगळ्या जागा हव्या असतील, आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतील, तर आहे.

आता दुसरं कारण, खोटी जुळणी. इथे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तसा कोड मी बऱ्याचदा पाहतो. अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून बेस २५६ घेतला जातो. मॉड्युलस वेगळा घ्यायला नको म्हणून ६४ बिटांचा पूर्णांक ओव्हरफ्लो होऊ दिला जातो, म्हणजे मॉड्युलस आपोआप `2^64`. पण `256^8` म्हणजेच `2^64`. पहिल्या अक्षराला सर्वांत मोठा घात देण्याच्या नेहमीच्या मांडणीत, शेवटची आठ अक्षरं सोडली तर बाकी सगळ्यांचा वाटा शून्य होतो. ५०,००० अक्षरांचा म्हणून काढलेला हॅश प्रत्यक्षात शेवटच्या आठ अक्षरांचाच असतो.

हे माहीत असलेला माणूस पॅटर्न असा देईल: आधी ४९,९९१ `a`, मग एक `b`, मग आठ `a`. टेक्स्ट तोच, नुसते `a`. प्रत्येक जागी हॅश जुळतो, ताडणी ४९,९९२ व्या अक्षरावर फसते, आणि पुन्हा तेच साधारण ४,७५० कोटींचं काम होतं. या वेळी हाती एकही जागा लागत नाही. ताडणी उजवीकडून केली तर वाचू असं वाटेल, पण मग तो `b` सगळ्यात पुढे ठेवता येतो.

बेस B विषम घेतला तर हा सापळा टळतो, पण `2^64` ची गोष्ट तिथेही संपत नाही. `a` पासून सुरू करा आणि दर पायरीला आधीच्या स्ट्रिंगला तिचीच उलटापालट (`a` जागी `b`, `b` जागी `a`) जोडत जा: `a`, `ab`, `abba`, `abbabaab`… ही थ्यू-मोर्स मालिका. दहा पायऱ्यांनंतर १,०२४ अक्षरं होतात. ही स्ट्रिंग आणि तिची पूर्ण उलटापालट यांच्या हॅशमधला फरक `B^(2^i) - 1` अशा दहा अवयवांच्या गुणाकाराच्या पटीत येतो. बेस विषम असला की पहिल्या अवयवात २ चा किमान एक घात असतो, आणि पुढच्या नऊंत किमान ३, ४, ५ असे ११ पर्यंत. बेरीज ६४. म्हणजे कुठलाही विषम बेस घ्या, `2^64` च्या हिशेबात हे दोन हॅश सारखेच येतात. ‘ताडणीच नको, हॅश जुळला म्हणजे सापडला’ असं ठरवणाऱ्याचं इथे उत्तरच चुकतं, म्हणून ताडणी गाळून वेळ वाचवण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही.

यावरचा उपाय पक्का आहे: मॉड्युलस p मोठा अविभाज्य घ्या आणि बेस प्रोग्रॅम चालू झाल्यावर यादृच्छिक निवडा. (१९८७ च्या मूळ लेखात कार्प आणि राबिन यांनी अविभाज्य मॉड्युलसच यादृच्छिक घेतला होता. तत्त्व तेच.) दोन वेगळ्या स्ट्रिंगचे हॅश सारखे येण्यासाठी निवडलेला बेस एका बहुपदीचं मूळ असावा लागतो, आणि त्या बहुपदीला जास्तीत जास्त m−1 मुळं असतात. म्हणून एका जागी खोटी जुळणी होण्याची शक्यता (m−1)/p पेक्षा जास्त नाही. आपल्या आकड्यांना p = `10^9+7` घेतला तर संपूर्ण टेक्स्टमध्ये सरासरी ४७ पर्यंत खोट्या जुळण्या येऊ शकतात. p = `2^61 - 1` घेतला तर एक तरी येण्याची शक्यता साडेचार कोटींत एकपेक्षाही कमी. टेक्स्ट आणि पॅटर्न कुणीही दिलेले असोत, ही हमी टिकते, कारण ते देणाऱ्याला बेस आधी माहीत नसतो. बेस कोडमध्ये ३१ किंवा १३१ असा लिहून ठेवला की हमी गेली.

म्हणजे खोट्या जुळण्यांचा बंदोबस्त होतो. खऱ्या जुळण्यांचा मात्र यादृच्छिकतेने होत नाही, आणि इथेच फेल्युअर टेबलचं मोल कळतं. १९७७ च्या क्नूथ, मॉरिस आणि प्रॅट, म्हणजेच केएमपी, यांच्या लेखातली ही कल्पना: `f[k]` म्हणजे पॅटर्नच्या 0 ते k या तुकड्याच्या, पूर्ण तुकड्याहून लहान अशा, सर्वांत लांब उपसर्गाची लांबी, जो त्याच तुकड्याचा प्रत्ययही आहे. शोध असा चालतो, यात `t` म्हणजे टेक्स्ट आणि `p` म्हणजे पॅटर्न:

```python
j = 0
for i in range(n):
    while j > 0 and t[i] != p[j]:
        j = f[j - 1]
    if j > 0 or t[i] == p[j]:
        j += 1
    if j == m:
        print(i - m + 1)
        j = f[j - 1]
```

पॅटर्न `aabaab` घ्या, त्याची टेबल 0, 1, 0, 1, 2, 3. टेक्स्ट `aabaaabaab`. पहिली पाच अक्षरं जुळतात, j पाच होतो. सहावं अक्षर `a`, पॅटर्नला हवा `b`. टेबल j ला 2 वर आणते, तिथेही `b` हवा. पुन्हा टेबल, j = 1, तिथे `a` हवा, जुळलं, j = 2. उरलेली चार अक्षरं सरळ जुळतात आणि इंडेक्स 4 वर पॅटर्न सापडतो. दहा अक्षरांना तुलना बारा. टेक्स्टमध्ये i एकदाही मागे गेला नाही.

आतला `while` पाहून हे पुन्हा O(nm) होईल अशी शंका येते. पण j दर अक्षराला फार तर एकाने वाढतो आणि `while` च्या प्रत्येक फेरीत किमान एकाने घटतो. जितक्या पायऱ्या चढलो त्याहून जास्त उतरता येत नाही, म्हणून एकूण तुलना 2n च्या आतच राहतात. वरच्या `a`-च-`a` च्या उदाहरणात तर प्रत्येक अक्षराला एकच तुलना होते: दहा लाख, आणि टेबल बनवायला एक लाखाच्या आत. ४,७५० कोटींच्या जागी. यात शक्यतेचा, बेसचा, टेक्स्ट कुणी दिला याचा काहीच संबंध नाही.

खऱ्या जुळण्यांचा खर्च हॅश न सोडता कमी करता येतो का? येतो, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. एक जागा ताडून पक्की झाली आणि d अक्षरांनी पुढे (d < m) हॅश पुन्हा जुळला असं समजा. दोन्ही जागा खऱ्या असतील तर पॅटर्न स्वतःवरच d ने सरकवून जुळला पाहिजे, म्हणजे d हा त्याचा आवर्तन-अवधी असला पाहिजे. नसेल, तर दुसरी जुळणी न ताडताच खोटी. असेल, तर फक्त शेवटची नवी d अक्षरं ताडली की पुरे. पण d अवधी आहे की नाही हे सांगणारी माहिती पॅटर्नच्या उपसर्ग-प्रत्ययांत असते, आणि ती काढायची रीत म्हणजे फेल्युअर टेबलच. इतकं केल्यावर एका पॅटर्नच्या शोधात हॅश कशाला ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. सारख्या लांबीचे शेकडो पॅटर्न एकदम शोधायचे असतील तर तो ठेवण्यात अर्थ आहे, कारण तेव्हा खिडकीचा एकच हॅश सगळ्यांना पुरतो.

केएमपीलाही एक दुखरी जागा आहे. एकूण खर्च बांधलेला असला तरी एकेका अक्षराचा नाही. पॅटर्न ५०,००० `a` चा असेल आणि ४९,९९९ `a` नंतर `b` आला, तर त्या एका `b` साठी j पायरी पायरीने शून्यावर येतो, म्हणजे जवळपास ५०,००० तुलना. फाइल वाचताना याने फरक पडत नाही. डेटा सतत वाहत येत असेल आणि प्रत्येक बाइटला ठरावीक वेळेत उत्तर द्यायचं असेल, तर पडतो. मूळ लेखातली सुधारित टेबल इथे वापरावी: मागे गेल्यावर ज्या जागी पुन्हा तेच नाकारलेलं अक्षर हवं असेल, ती जागा टेबल बनवतानाच ओलांडायची. मग एका अक्षराचा सर्वांत लांब थांबा m च्या लॉगॅरिदमइतका होतो, ५०,००० च्या पॅटर्नला पंचविसाच्या आत.

तुमचा राबिन-कार्प कोड आत्ता मंद चालत असेल तर दोन काउंटर घाला: ताडणी करून जुळलेल्या जागा आणि ताडणी करून फसलेल्या जागा. दुसरा आकडा दोन-चारच्या वर गेला तर बेस आणि मॉड्युलस बदला. पहिला मोठा असेल तर हॅशला हात लावू नका, थेट केएमपी लिहा.