जुळी पोटात असलेल्या गाभण शेळीचा खुराक

प्रश्न: कोकण कन्याळ शेळी चार महिन्यांची गाभण आहे, जुळी असावीत. पावसात बाहेर चरत नाही. खुराक किती देऊ?

उत्तर: तीसेक किलोच्या शेळीला रोज 200 ग्रॅमपासून सुरू करा आणि दर चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत 400 ग्रॅमवर न्या, सकाळ-संध्याकाळ विभागून. भरडलेला मका, शेंगदाणा पेंड आणि थोडा कोंडा चालेल. एकदम वाढवलात तर पोटात आम्ल होऊन ती खाणंच सोडेल.

करडांची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हाच जुळ्यांमुळे कोठीपोट दाबलं जातं, नुसत्या भाताच्या पेंढ्यावर भागत नाही. मग शेळी अंगातली चरबी वेगाने जाळते, रक्तात कीटोन म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं साचतात आणि ती आजारी पडते. म्हणून फणस, शेवरीचा पालाही गोठ्यातच टांगा.

या आजारात आधी ती खुराक नाकारते, कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो. आडवी पडायची वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. तोवर गिळत असेल तर प्रोपिलीन ग्लायकॉल हे ताकद देणारं पातळ औषध 60 मिली तोंडाच्या कडेने सावकाश पाजा.

शेळी आधीच लठ्ठ असेल तर धोका जास्त, पण आता तिला उपाशी ठेवून बारीक करू नका. त्यानेच आजार ओढवतो.