रेखांकित भागाचं क्षेत्रफळ: आकृतीशी ताडून बघा

प्रश्न: चौरस ABCD ची बाजू 14 सेमी आहे. आकृतीतल्या रेखांकित भागाचं क्षेत्रफळ किती?

उत्तर: आकृती इथे दिसत नाही, म्हणून मी तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: आत एकच पूर्ण वर्तुळ आहे, ते चारही बाजूंना स्पर्श करतं, आणि रेघा वर्तुळाबाहेरच्या चार कोपऱ्यांत आहेत. π = 22/7 घेतलाय.

मग त्रिज्या 7 सेमी. चौरस 196, वर्तुळ 154, म्हणून उत्तर 42 चौसेमी.

आता पुस्तकातली आकृती समोर ठेवा. पूर्ण वर्तुळाऐवजी A आणि C केंद्र धरून B पासून D पर्यंत दोन कंस काढलेले असतील आणि त्यांच्यामधल्या पानासारख्या भागात रेघा असतील, तर माझं उत्तर चुकीचं आहे. तिथे त्रिज्या 14 सेमी होते. प्रत्येक पाववर्तुळ 154 चौसेमीचं, दोन्ही मिळून 308. चौरस मात्र 196 चाच, म्हणजे पानाचा भाग दोनदा मोजला गेलाय. म्हणून पान 308 − 196 = 112 चौसेमी.

कंपासचं टोक कुठे टेकवलं असेल, चौरसाच्या मध्यावर की कोपऱ्यावर, एवढं आधी बघा. पुस्तकात 42.14 दिलं असेल तर आकृती माझ्यासारखीच असावी, फक्त π = 3.14 घेतलाय.