आधी वरचा एटीजी शोध
अगं, पेशींत प्रथिन बनत नाही म्हणून लगेच प्रमोटर बदलायची घाई नको. आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशींत रायबोसोमचा लहान भाग एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोपीपाशी चढतो आणि प्रथिनाची सुरुवात सांगणारा एयूजी, म्हणजे डीएनएतला एटीजी, शोधत एकेक अक्षर चाचपत पुढे सरकतो; जिवाणूंसारखा थेट एयूजीजवळ उतरत नाही. बडोद्यात माझ्या पहिल्या प्लाझमिडमध्ये जनुकाच्या वर NcoI या डीएनए कापणाऱ्या विकराची जागा उरली होती, `CCATGG`. तिच्यातला एटीजी जनुकाच्या वाचन-चौकटीबाहेरचा. एमआरएनए भरपूर, प्रथिन जवळपास नाहीच. दोन महिने मी बिचाऱ्या अँटिबॉडीला शिव्या घातल्या.

तू एवढंच बघ:
- टोपीपासून तुझ्या एटीजीपर्यंत दुसरा एटीजी आहे का?
- तुझ्या एटीजीच्या मागचं तिसरं अक्षर ए किंवा जी हवं, लगेच पुढचं जी. `GCCACCATGG` उत्तम. मागे टी असेल तर बरेच रायबोसोम पुढे निसटतात. पुढचा एटीजी चौकटीतला असला तर ब्लॉटवर आखूड पट्टा दिसतो.

टोपीशिवाय रायबोसोम उतरवणाऱ्या आयआरईएसचं नंतर बघू.