फुगलेला डबा आणि पोचलेला डबा

प्रश्न : मशरूमचा एक डबा वरून फुगलाय. स्वीटकॉर्नच्या डब्याला बाजूने पोचा आलाय. उघडून वास घेऊन बघू का?

मशरूमचा डबा उघडू नका, वास घ्यायलाही नाही. कॉर्नचा बहुधा चालेल, पण आधी पोचा नेमका कुठे आहे ते बघा.

मी रत्नागिरीत आमरसाच्या कारखान्यात दोन हंगाम डबे तपासायचं काम केलंय. डबा गरम असतानाच बंद होतो. थंड झाला की आत पोकळी होते आणि झाकण किंचित आत ओढलं जातं. चांगल्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं तर हलत नाही. एका बाजूने दाबल्यावर दुसरी बाजू टपकन वर आली, की समजायचं आत वायू तयार झालाय. माझ्या मावशीने असाच एक आमरसाचा डबा ‘फेकायचा कशाला’ म्हणून उघडला आणि रस थेट छताला. तो आंबला होता. आमरस आंबट असल्याने त्यात बोटुलिनम हा विष तयार करणारा जिवाणू सहसा वाढत नाही. (तरीही तो टाकूनच द्यायचा.)

मशरूमचं तसं नाही. मशरूम, मका, मटार, मासे यांत आंबटपणा फार कमी, म्हणजे पीएच ४.६च्या वर. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, म्हणून कारखान्यात असे डबे दाबाखाली सुमारे १२१ अंशांवर तापवतात. तिथे कसर राहिली, तर हवा नसलेल्या डब्यात हे जिवाणू वाढतात, वायू सोडतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास असेलच असं नाही, आणि तेवढं पोटात जायला एक चमचाही पुरतो. त्रास साधारण १२ ते ३६ तासांनी सुरू होतो : एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं. कुणी चाखून बसलं असेल आणि असं काही वाटलं, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डब्याचं आवर्जून सांगा.

आता कॉर्न. झाकण आणि पत्रा जिथे एकमेकांत दुमडलेले असतात ती वरची-खालची कडा, आणि डब्याच्या अंगावरचा उभा सांधा, या दोन्ही जागा बोट फिरवून तपासा. तिथे पोचा असेल, धार लागत असेल, गंज किंवा चिकटपणा असेल, तर डबा टाका. सांधा केसाएवढा उघडला तरी आतली पोकळी बाहेरचं पाणी आणि जंतू ओढून घेते. मधल्या पत्र्यावर उथळ पोचा असेल आणि दोन्ही झाकणं घट्ट असतील, तर खुशाल वापरा. बोट आत जाईल इतका खोल पोचा असेल, तर मी वापरत नाही.

फुगलेला डबा न उघडता दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा, वर ‘खराब, उघडू नये’ लिहा आणि घंटागाडीवाल्याला सांगूनच द्या. कुत्र्यामांजरांना किंवा गुरांनाही घालू नका.