शर्ट बदलायला गेलेला सव्वा तास

ताई, नमस्कार. मी संगमनेरला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. घारगावहून रोज मोटरसायकलने जातो. गेल्या मंगळवारी सव्वानऊला चंदनापुरी घाटात एक दुचाकीवाला पडलेला दिसला. डोक्याला मार, रक्त खूप. मी थांबलो, १०८ लावला, रुमालाने जखम दाबून बसलो. दहाला आठ-दहा मिनिटं असताना रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. मी शाखेत ११.२५ ला पोहोचलो. तिजोरीची एक चावी माझ्याकडे, त्यामुळे कॅश उघडली नव्हती, लोक खोळंबले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘पुरावा काय?’ माझ्याकडे काहीच नाही. जखमीचं नाव माहीत नाही, पोलिसांनी माझं नाव घेतलं नाही, फोटो काढायचं सुचलं नाही. घरी बदललेला शर्ट आईने धुवून टाकला, नाहीतर तोच दाखवला असता. आता मेमो आलाय, तीन दिवसांत खुलासा द्यायचाय. एक मित्र ओळखीच्या दवाखान्यातून चिठ्ठी आणून देतो म्हणतो. आठ वर्षांच्या नोकरीत कधी खोटं बोललो नाही, तरी माणसावर विश्वास ठेवत नाहीत याचं वाईट वाटतं. काय करू?

*

तुमच्या पत्रातला एकच शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘घरी.’ धुतलेल्या शर्टाबद्दल हळहळताना तो तुमच्या हातून सुटला आणि पुढे त्याचा पत्ता नाही. साहेबांनाही तुम्ही तो सांगितलेला दिसत नाही. सांगितला असता, तर त्यांनी आधी पुरावा मागितला नसता, तुम्ही चावी खिशात घेऊन उलटे घरी का गेलात, हे विचारलं असतं.

कागद घ्या आणि वेळा मांडा. रुग्णवाहिका ९.५० ते ९.५२ च्या सुमारास निघाली. घाटातून संगमनेरची शाखा मोटरसायकलने वीसेक मिनिटं. म्हणजे सरळ गेला असतात तर सव्वादहाच्या आत पोहोचला असतात. तुम्ही पोहोचलात ११.२५ ला. अपघाताने तुमचा फार तर पाऊण तास घेतला. उरलेला सव्वा तास घारगावला परत जाणं, अंघोळ, शर्ट आणि पुन्हा सगळा रस्ता यात गेला. साहेब रोज त्याच रस्त्याने येत असतील किंवा नसतील, पण घाट ते शाखा किती वेळ लागतो हे संगमनेरमध्ये सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही त्यांना सांगितलंत ‘अपघात झाला, थांबलो’, आणि त्यांनी मनात हिशोब केला. हिशोब जुळला नाही. दिवसभर रोकड जुळवणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको.

म्हणून पुरावा नाही ही तुमची अडचणच नव्हे. समजा आज तुम्हाला हवा तो पुरावा मिळाला. तुमच्या मोबाईलमध्ये तो आहेसुद्धा: मंगळवारी सव्वानऊच्या पुढे १०८ ला गेलेला कॉल, तारीख, वेळ आणि किती मिनिटं बोललात यासकट. बहुतेक वेळा रुग्णवाहिकेचा चालक नेमकी जागा विचारायला उलटा फोन करतो. तसा आला असेल तर तोही आलेल्या कॉलमध्ये दिसेल. आजच दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर जुने कॉल नोंदीतून निघून जातात. पण हा कॉल सिद्ध काय करतो? तुम्ही सव्वानऊला मदत मागितली, एवढंच. ९.५२ ते ११.२५ मध्ये काय झालं, यावर तो गप्प आहे. जखमी माणूस स्वतः शाखेत येऊन हात जोडून उभा राहिला तरी तोही या सव्वा तासाबद्दल गप्पच राहील, कारण तेव्हा तो रुग्णवाहिकेत होता. ते भोक बुजवणारा एकच साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे तुम्ही.

कायद्याची आशा धरून बसला असाल तर तीही सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर खटला किंवा भरपाईचा दावा होऊ नये, पोलिसांनी किंवा रुग्णालयाने त्याला नाव-पत्ता द्यायला भाग पाडू नये, यासाठी ती तरतूद आहे. म्हणजे पोलिसांनी तुमचं नाव घेतलं नाही, ही त्यांची हयगय म्हणता येणार नाही. निमूटपणे निघून जायचा हक्कच कायद्याने तुम्हाला दिलाय. आणि निमूटपणे निघून गेलेल्या माणसाचा कागद कुठेच तयार होत नाही. मदत करणाऱ्याला हवी असेल तर रुग्णालयाने वेळ आणि ठिकाण लिहून पोच द्यावी, असं केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तत्त्वांना बळ दिलं. पण ती पोच जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यासाठी. तुम्ही त्याला रुग्णवाहिकेत बसवून माघारी फिरलात. आणि वरिष्ठांनी उशीर माफ करावा, असं या कायद्यात कुठेही नाही. पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःहून साक्षीदार म्हणून नाव द्यायचं असेल तर ते अपघाताच्या तपासासाठी द्या. हजेरीचा दाखला मिळावा म्हणून देऊ नका, तो जबाब पुढे कोर्टापर्यंत जातो.

मित्राच्या चिठ्ठीचं काय? नको. दवाखान्यात रुग्णांची नोंदवही असते, एका फोनवर कळतं. उशिराला मेमो येतो. खोट्या कागदाला चौकशी लागते, आणि ज्याच्या हातात लोकांची रोकड आहे त्याच्याबाबत चौकशी सहसा एका कागदावर थांबत नाही. तुम्ही म्हणता आठ वर्षांत खोटं बोलला नाहीत. मग नवव्या वर्षी शर्टासाठी सुरुवात करू नका.

आता एक गोष्ट मी मवाळपणे सांगणार आहे, कारण तुम्ही लाजून लपवलीत ती हीच असावी. रक्ताने भरलेल्या हातांनी काउंटरवर बसून नोटा मोजता येत नाहीत. दुसऱ्याचं रक्त लागलं तर साबण आणि भरपूर पाण्याने हात धुवायलाच हवेत, कपडे बदलायलाच हवेत. अर्ध्या तासाहून जास्त वेळ जखम दाबून बसलेल्या माणसाचे हात थरथरत असतील, तर चार-पाच मिनिटं कुठेतरी बसावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. घरी जाणं चूक नव्हतं. चूक ही, की घरी जाताना शाखेला फोन केला नाहीत. फोन चालू होता, त्यावरूनच १०८ लावलात. ‘साहेब, घाटात अपघात झालाय, कपडे रक्ताने भरलेत, घरून बदलून येतो, साडेअकरा वाजतील, माझ्या चावीची डुप्लिकेट मागवा.’ एवढं बोलायला दहा सेकंद लागली असती. कॅश लवकर उघडली असती, आणि साहेबांच्या मोबाईलमध्ये तुमचा दहाच्या आतला कॉल राहिला असता. तोच पुरावा झाला असता, कारण तो घटनेच्या वेळचा असता. साहेब चिडले ते तुम्ही थांबलात म्हणून नव्हे. लोक रांगेत, तिजोरी बंद, आणि चावी कुठल्या रस्त्यावर आहे याचा पत्ता नाही. मॅनेजरच्या जागी बसून हा तास काढून बघा.

तेव्हा खुलासा लिहा, आणि त्यात घरी गेल्याचं लिहा. अपघाताचं वर्णन दोन ओळींत आवरा. किती रक्त होतं, तो किती कण्हत होता, लोक कसे नुसते बघत होते, हे घालू नका. थाप मारणाऱ्याच्या खुलाशात अपघात लांबलचक असतो आणि घड्याळ गायब असतं. तुमचा उलट असू दे. साधारण असा:

‘मा. शाखाधिकारी यांस, विषय: मंगळवारी उशिरा हजर झाल्याबाबत खुलासा. महोदय, त्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास चंदनापुरी घाटात दुचाकी अपघातातील जखमीस मदतीसाठी मी थांबलो. १०८ ला माझ्या मोबाईलवरून कॉल केला, त्याची नोंद सोबत जोडली आहे. सुमारे ९.५० ला रुग्णवाहिका जखमीस घेऊन गेली. माझे कपडे रक्ताने भरल्याने मी शाखेत न येता घारगावला घरी गेलो व कपडे बदलून ११.२५ ला हजर झालो. या काळात तिजोरीची चावी माझ्याकडे असूनही मी आपणास फोन केला नाही, ही माझी चूक आहे. जखमीचे नाव अथवा अन्य पुरावा माझ्याकडे नाही. त्या दिवसाची माझी अर्धी रजा धरावी. यापुढे रस्त्यात अडकल्यास चावीबाबत प्रथम आपणास कळवीन.’

कॉलच्या नोंदीत नेमकी जी मिनिटं दिसतील तीच लिहा, अंदाजाच्या वेळेपुढे ‘सुमारे’ असू दे. ‘अन्य पुरावा नाही’ हे वाक्य खोडू नका. ते स्वतःहून लिहिलं की विचारणाऱ्याचा प्रश्नच संपतो. आणि अर्धी रजा स्वतः मागा. जो पगार वाचवायला धडपडत नाही त्याच्या गोष्टीत लोक खोट शोधत नाहीत. ‘माणसावर विश्वास ठेवत नाहीत’ हे वाक्य मात्र खुलाशात येऊ देऊ नका. ते तुमच्या मनात सलतंय हे मला कळतं, पण अर्धी गोष्ट सांगून पूर्ण विश्वास मागितलात, त्याला साहेब काय करणार?

दोन प्रती काढा. सकाळी कॅश उघडण्याआधी, काउंटरवर कुणी नसताना, केबिनमध्ये जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ते तुमच्यासमोर वाचतील. ‘घरी गेलो’पाशी त्यांची नजर थांबेल, कदाचित मान वर करून ‘मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?’ असं विचारतील. ‘लाज वाटली’ म्हणा. याहून जास्त काही बोलू नका, चावी काढा आणि तिजोरीकडे जा.