व्हीलचेअर हक्काची, ऑक्सिजनला परवानगी

*वकीलसाहेब, आईचं (वय 67) बेळगावात बायपासचं ऑपरेशन होऊन 14 दिवस झाले. तिला बहिणीकडे दिल्लीला न्यायचंय. चालताना धाप लागते, घरी मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन लावतो. विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागितली, घरचा सिलिंडर बरोबर घेऊ का विचारलं, डॉक्टरांची ‘प्रवासास योग्य’ अशी चिठ्ठीही पाठवली. फोनवरच ‘नेता येणार नाही’ म्हणाले. नोटीस पाठवू का? — खानापूरहून एक वाचक*

आत्ता पाठवलीत तर ती तुमच्यावरच उलटेल. घरचा सिलिंडर विमानात नेऊ न देणं ही कंपनीची चूक नाही. तुमच्या नोटिशीला उत्तर देताना त्यांचा वकील तेवढाच मुद्दा धरून बसेल. तुम्ही दोन वेगळ्या मागण्या एकाच दमात केल्यात. त्या आधी वेगळ्या करा.

व्हीलचेअर हा हक्क आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीत विभाग 3, मालिका एम, भाग 1 हा अपंग आणि हालचाल मर्यादित झालेल्या प्रवाशांसाठी आहे. आजारपणामुळे काही काळ चालणं अवघड झालेला माणूसही त्यात बसतो, अपंगत्वाचा दाखला लागत नाही. विमानात चढण्या-उतरण्यापुरतीच मदत हवी असेल तर वैद्यकीय फॉर्म भरायची सक्ती करता येत नाही. मागणी बुकिंगच्या वेळी किंवा किमान 48 तास आधी नोंदवायची. तिकिटावर कोणता कोड पडला तेही बघा: WCHR म्हणजे जिना चढता येतो, WCHS म्हणजे चढता येत नाही, WCHC म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. लहान एटीआर विमान असलं तर पायऱ्या चढूनच आत जावं लागतं, आणि सांबऱ्याच्या विमानतळावर WCHR घेऊन पोहोचलात तर त्या पायऱ्यांशी सगळं अडेल. तुमच्या आईसाठी किमान WCHS मागा.

ऑक्सिजनची गोष्ट निराळी. प्रवासात तब्येत बिघडण्याची शक्यता असली किंवा उपकरण लागणार असलं, तर वैद्यकीय मंजुरी मागण्याचा अधिकार कंपनीला त्याच नियमावलीने दिला आहे. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे. उडत्या विमानाच्या केबिनमधली हवा मात्र सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. घरी बसून जेमतेम चालणारं ऑक्सिजनचं प्रमाण तिथे आणखी उतरतं. म्हणून नुसत्या ‘प्रवासास योग्य’वर कंपनीचं मेडिकल डेस्क सही करत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

कंपनीच्या संकेतस्थळावरून वैद्यकीय माहितीचा MEDIF फॉर्म उतरवा. पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी. त्यात ऑपरेशनची तारीख, गुंतागुंत झाली की नाही, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन किती, विमानात मिनिटाला किती लिटर लागेल, सतत की अधूनमधून, आणि 100 मीटर चालून किंवा 10-12 पायऱ्या चढून त्रास होतो का, हे आकड्यांत हवं. छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले 10 दिवस डेस्क विशेष काटेकोर असतं. ते तुमचे उलटले आहेत. पण आईला अजून ऑक्सिजन लागतो, म्हणजे प्रकरण साधं उरत नाही.

ऑक्सिजन आणायचा कसा? कंपनी स्वतः पुरवते का, हे आधी लेखी विचारा. नसेल तर बॅटरीवरचं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, तेही कंपनीला मान्य असलेलं मॉडेल. बऱ्याच कंपन्या उड्डाणाच्या दीडपट बॅटरी मागतात. दिल्लीचा प्रवास पावणेतीन तासांचा धरला तर चार तासांहून थोडी जास्त. विमानतळावर ताटकळण्याची वेगळी. जादा बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. भाड्याने यंत्र घेताना 2 लिटरवर ते किती वेळ चालतं ते घरी चालवून पाहा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

एक मोह टाळा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने ऑक्सिजनचा उल्लेखच फॉर्ममध्ये केला नव्हता. बोर्डिंगच्या दारात नळी दिसली आणि परत यावं लागलं. नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच आला, ‘लपवलंत का?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं देऊनही नाही म्हणाले, तर तुमची बाजू भक्कम होते. 2022 मध्ये डीजीसीएने या नियमात सुधारणा केली. प्रवाशाची तब्येत विमानात बिघडेल असं वाटलं, तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून तो प्रवासास योग्य आहे की नाही हे स्पष्ट सांगायचं, आणि त्यानंतरही नकार दिला तर कारणांसह लगेच लेखी कळवायचं. फोनवरचा नकार म्हणूनच कच्चा आहे. आजच ईमेल करा: ‘अमुक तारखेला फोनवर दिलेला नकार लेखी व कारणांसह कळवावा.’ फॉर्म पाठवल्याची तारीख आणि त्याची पोचही जपा.

लेखी कारण आलं नाही किंवा टिकणारं नसलं, तर आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग सरकारचं एअरसेवा पोर्टल. भरपाई हवी असेल तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. नोटिशीचा मसुदा तेव्हा आपण बसून करू.