साल मुबारक कधी म्हणायचं?

पहिल्यांदाच शेजारच्या गुजराती काकांना त्यांच्या नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्यात ना? मग दोनच शब्द पाठ करा: ‘साल मुबारक’. तेही समोरून हेच म्हणतील, उत्तर वेगळं शिकायला नको. कार्डावर किंवा मेसेजमध्ये ‘नूतन वर्षाभिनंदन’ शोभतं.

नवखे चुकतात ते दिवसात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ‘शुभ दिवाळी’ म्हणा, कारण तेव्हा त्यांचं जुनंच वर्ष चालू असतं. नवं वर्ष, म्हणजे ‘बेसतुं वरस’, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या पाडव्याच्या दिवशी. पण अमावास्या लांबली की मध्ये एक दिवस रिकामा जातो. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, मध्ये सूर्यग्रहणाचा दिवस गेला आणि साल मुबारक झालं 26 ला. मी 25 लाच बेल वाजवली होती! काकू हसून म्हणाल्या, “अहो, उद्या या.” तेव्हा ‘दुसरा दिवस’ असं धरू नका, कॅलेंडरात बलिप्रतिपदा बघा.

जायचं सकाळीच. थोरांना वाकून नमस्कार केलात तर उत्तम. आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ मात्र नको. ते जैनांच्या संवत्सरीचं, क्षमा मागण्याचं.